चपातीला हवी ऊब, भाजीला हवा गारवा : कोकणातल्या दमट हवेत दुपारपर्यंतचा डबा

प्रश्न : "मी चिपळूणला राहते. मिस्टर लोट्याला कामाला जातात. सकाळी साडेसहाला डबा भरते, ते एक वाजता उघडतात. वरच्या चपात्या ओल्या लगदा आणि खालच्या कडक होतात. भाजीला पाणी सुटते, आणि उन्हाळा-पावसाळ्यात आठवड्यातून एखादा दिवस तरी भाजीला आंबूस वास येतो. सगळे गरम गरमच भरते, तरी असे का होते? आणि चपातीऐवजी तांदळाची भाकरी दिली तर चालेल का?"

उत्तर :

ताई, तुमच्या प्रश्नातले "सगळे गरम गरमच भरते" हे चार शब्द महत्त्वाचे आहेत, कारण तुमच्या तिन्ही तक्रारींचा मोठा भाग तिथेच सुरू होतो. मी रत्नागिरीत गेली बावीस वर्षे डबे देते, आणि सुरुवातीची तीन-चार वर्षे मीही गरम अन्न म्हणजे सुरक्षित अन्न असेच समजत होते. चपातीला थोडी ऊब आणि थोडा ओलावा आत राखावा लागतो, तर भाजीतला ओलावा कढईतच संपवून तिला पूर्ण गार करावे लागते. दोन्ही पदार्थ एकाच रीतीने आणि एकाच वेळी भरले की दोघांपैकी एकाचे नुकसान होते, आणि पुष्कळदा दोघांचेही.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. डबा कामाच्या जागी कुठे ठेवला जातो, हे त्यांना अवश्य विचारा. पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीच्या खुंटीवर लटकणारा डबा आणि पंख्याखालच्या कपाटातला डबा यांत दुपारपर्यंत फार अंतर पडते, आणि उन्हात उभ्या असलेल्या दुचाकीच्या डिकीत राहिलेल्या डब्याला तर घरात केलेली कोणतीही युक्ती वाचवू शकत नाही. तुमचा डबा साधा स्टीलचा, तीन कप्प्यांचा आहे असे धरून मी पुढचे लिहिते.

माझ्या स्वयंपाकघरात एक पद्धत आहे, ती आधी सांगते, कारण पुढचे बहुतेक सगळे मी तिच्यामुळे शिकले. रोज गिऱ्हाइकांचे डबे भरताना त्याच भाजीचा आणि त्याच चपात्यांचा एक जादा डबा मी भरते, तो ओट्यापासून दूर, मागच्या पडवीत ठेवते आणि एक वाजता स्वतः उघडते. उघडताना पहिल्यांदा झाकणाची आतली बाजू पाहायची. तिथे थेंब लोंबत असतील तर अन्न वाफ निघत असताना बंद झाले आहे. झाकण कोरडे आहे, पण भाजी एका बाजूला सारल्यावर तळाशी पाणी जमते, तर भाजी कढईत पुरती आटलेली नाही. या दोन दोषांवरचे उपाय निराळे आहेत, म्हणून तुम्हीही सुट्टीच्या दिवशी असा डबा घरी भरून ठेवा आणि आपला दोष कोणता ते आधी पाहा.

आता चपाती. तव्यावरून उतरलेल्या चपातीतून मिनिट-दोन मिनिटे जोरात वाफ निघत असते. ती तशीच डब्यात टाकून झाकण लावले की वाफ थंड झाकणाला लागून पाणी होते आणि ते वरच्या चपातीवर ठिबकते. तुमच्या वरच्या चपात्या ओल्या होतात त्या अशा. खालच्या कडक होण्याचे कारण मला वाटते चपातीत नसून तिच्या खालच्या कप्प्यात आहे. तीन कप्प्यांच्या डब्यात आपण बहुधा भाजी खाली आणि चपाती वर ठेवतो. कढत भाजीचा कप्पा वरच्या कप्प्याचा तळ तापवत राहतो, तळाच्या चपात्यांतला ओलावा वाफ होऊन वर चढतो आणि झाकणाखाली थंड होऊन पुन्हा वरच्या चपात्यांवर पडतो. म्हणजे एकाच डब्यात तळाशी तवा आणि वर पाऊस, असा प्रकार होतो. भाजी गार करून भरली की निम्मी तक्रार चपातीला हात न लावताच जाते.

उरलेल्या निम्म्यासाठी असे करा. प्रत्येक चपाती तव्यावरून थेट ताटात टाकू नका, कारण ताटाच्या थंड धातूवर तिच्या खालच्या बाजूला घाम सुटतो. ती तारेच्या जाळीवर किंवा बांबूच्या टोपलीत कापड घालून त्यावर एक-दोन मिनिटे ठेवा, पुढची चपाती भाजून होईपर्यंतचा वेळ पुरतो. मग तिला तेलाचे किंवा तुपाचे बोट फिरवा आणि दुहेरी सुती कापडात आधीच्या चपातीवर रचून कापड वरून झाका. सगळ्या चपात्या झाल्यावर ते गाठोडे हाताला कोमट लागेल, चटका बसणार नाही, अशा वेळी कापडासकट डब्यात ठेवा. कापड जास्तीचा घाम पिते आणि चपातीला कोरडेही पडू देत नाही. जुन्या धुवट पंचाचा तुकडा याला उत्तम असतो. अॅल्युमिनियमच्या चकचकीत कागदात गुंडाळलेली चपाती मला पसंत नाही, कारण तो कागद पाणी शोषत नाही आणि चपाती स्वतःच्याच घामात भिजते.

कणकेत मात्र आधीपासून पुरेसे पाणी हवे, नाहीतर कापड काहीही करू शकत नाही. २५० ग्रॅम गव्हाच्या पिठाला मी साधारण १६० मिलिलिटर कोमट पाणी आणि दोन चमचे तेल घेते. पावसाळ्यात आपल्याकडे पिठानेच हवेतला ओलावा घेतलेला असतो, म्हणून तेव्हा दोन-तीन चमचे पाणी राखून ठेवते आणि लागले तरच घालते. मळल्यावर कणीक किमान अर्धा तास झाकून ठेवावी लागते, कारण चक्कीच्या पिठातला कोंडा पाणी सावकाश पितो. लगेच लाटायला घेतले की कणीक चिकटते, मग आपण वरून कोरडे पीठ लावत सुटतो, आणि ते सुके पीठ दुपारपर्यंत चपातीतलेच पाणी ओढून घेते. डब्यासाठी घडीची चपाती करावी, कारण घडीतले तेल थरांना एकमेकांना चिकटू देत नाही आणि ओलावाही धरून ठेवते. थेट आचेवर फुगवलेला पातळ फुलका ताटात सुरेख लागतो, पण डब्यात तो टिकत नाही.

तव्याबद्दल एकच सांगते. गॅस वाचवण्यासाठी मंद आचेवर भाजलेली चपाती हमखास कडक होते, कारण तिला शिजायला तीन-चार मिनिटे लागतात आणि तेवढ्यात तिच्यातले पाणी उडून जाते. तवा चांगला तापलेला असला की चपाती सव्वा ते दीड मिनिटात दोन्ही बाजूंनी होते.

भाजीकडे वळते. डब्याच्या भाजीत मीठ शेवटी घालावे, म्हणजे पाणी सुटत नाही, असे मी सासूबाईंकडून ऐकले होते आणि कित्येक वर्षे तसेच करत होते. माझा अनुभव याच्या नेमका उलट आहे. मीठ भाजीतले पाणी बाहेर ओढते, ते कधी घातले तरी ओढतेच. सुरुवातीला घातले तर पाणी कढईत सुटते आणि तिथे ते आटवता येते. शेवटी घातले तर कढईत भाजी कोरडी दिसते, आपण समाधानाने डबा भरतो, आणि मग पाणी डब्यात सुटत राहते. कोबी, पडवळ, दुधी, घोसाळे या भाज्यांत हे सर्वांत ठळक दिसते.

कोबीचेच उदाहरण घेऊ. अर्धा किलो कोबी चिरून धुण्यापेक्षा गड्डा धुऊन, निथळून, पुसून मग चिरावा, कारण चिरलेल्या कोबीत अडकलेले पाणी पुढे कढईत आटवतच बसावे लागते. दोन मोठे चमचे तेलात मोहरी, हिंग, मिरची, हळद आणि आधी भिजवून निथळलेली मूठभर चणाडाळ परतून घ्यावी, मग कोबी आणि त्याबरोबरच सव्वा चमचा मीठ घालावे. कढई रुंद असावी आणि आच मध्यमपेक्षा थोडी मोठी असावी. पहिली तीन-चार मिनिटे झाकण ठेवले तरी चालते, पण झाकणावरचे पाणी भाजीत न पाडता ते बाजूला सांडायचे, आणि त्यानंतर झाकण पुन्हा ठेवायचे नाही. पाच-सात मिनिटांत भाजी पाणी सोडते आणि कढईतून बुडबुड असा आवाज येतो. पाणी आटत गेले की तो आवाज बदलून चरचर ऐकू येऊ लागते. तेव्हा उलथन्याने भाजी मधून दुभागून पाहावी. मधली वाट कोरडी राहिली आणि तिच्यात फक्त तेलाची चकाकी दिसली, तर भाजी डब्याजोगी झाली. कडेने पाणी झिरपत त्या वाटेत आले, तर आणखी दोन-तीन मिनिटे परतायला हवे. ताटातल्या भाजीपेक्षा ही भाजी किंचित जास्त परतलेली लागते, हे मान्य करावेच लागेल.

आता तुमची खरी काळजीची गोष्ट, म्हणजे आंबूस वास. आपल्या किनारपट्टीवर याचे पहिले संशयित माझ्या मते ओले खोबरे असते. देशावरच्या डब्यात दाण्याचे कूट पडते, आपल्याकडे गॅस बंद केल्यावर वरून मूठभर नारळाचा चव भुरभुरण्याची रीत आहे, आणि घरच्या जेवणात तीच भाजीची शोभा असते. पण कच्च्या खोबऱ्यात ओलावा आहे, गोडी आहे, ते खवणीला, हाताला आणि ताटलीला लागून आलेले आहे, आणि त्याला आच मिळालेली नाही. ते कोमट भाजीवर पसरून झाकण लावणे म्हणजे जंतूंना ओल, ऊब आणि खाद्य एकाच ठिकाणी देणे आहे.

हे मला एका मे महिन्यात समजले. चाळीस डबे होते आणि भाजी चवळईच्या पाल्याची होती. लग्नसराईची घाई म्हणून नारळ आदल्या संध्याकाळी खोवून ताटलीत झाकून ओट्यावरच ठेवला होता, आणि सकाळी गॅस बंद करून तो भाजीवर घातला. पहिले पंधरा-सोळा डबे कढईतून काढत काढतच भरले. मग गॅसचा सिलिंडर संपला, चपात्या अडल्या, आणि उरलेली भाजी परातीत तशीच अर्धा-पाऊण तास पडून राहिली. साडेबाराला फोन सुरू झाले. ज्यांची भाजी आंबली होती ते सगळे पहिल्या खेपेचे, गरम भरलेले डबे होते. परातीत गार होऊन गेलेल्या डब्यांतली एकही तक्रार आली नाही, म्हणजे ती भाजी उत्तम होती असे नाही, कारण खोबरे त्यातही तेच होते, पण तिला एक वाजेपर्यंतचा वेळ मिळाला. त्या दिवशी मी सर्वांचे पैसे परत केले, आणि त्यानंतर आजवर माझ्या डब्यात कच्चे खोबरे गेलेले नाही.

त्यामागचे कारण असे. खळखळ उकळत्या अन्नात जंतू वाढत नाहीत आणि फ्रिजच्या थंडीत ते फार सावकाश वाढतात. मधल्या पट्ट्यात, म्हणजे साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान, ते वाढू शकतात, आणि त्यातही हाताला सुखद कोमट लागणारे तापमान त्यांना फार मानवते. गच्च भरलेल्या स्टीलच्या डब्यातली कढत भाजी पिशवीत गुंडाळली की पुढचे दोन-अडीच तास नेमकी त्याच सुखद उबेत राहते. तुम्हाला वाटते आपण गरम अन्न दिले, पण साध्या डब्यात ते गरम राहत नाही, फक्त दीर्घकाळ कोमट राहते. म्हणून एक तर उष्णता राखणाऱ्या थर्मास डब्यात, तो आधी उकळत्या पाण्याने पाच मिनिटे तापवून, उकळते अन्नच भरावे, नाहीतर साध्या डब्यात पूर्ण गार अन्न भरावे. मधला मार्ग नको.

गार करायला फार वेळ लागत नाही. भाजी कढईत ठेवली तर तासभर गरम राहते, पण स्वच्छ कोरड्या परातीत बोटाच्या पेराएवढ्या थराने पसरून पंख्याखाली ठेवली, वर जाळी झाकली, तर पंधरा-वीस मिनिटांत तिची ऊब जाते. बोट भाजीत न घालता परातीच्या तळाला हात लावून पाहावे. घाई असेल तर परात थंड पाण्याच्या मोठ्या ताटात टेकवावी, फक्त पाणी भाजीत उडणार नाही एवढी काळजी घ्यावी.

खोबऱ्यावाचून भाजी घशाखाली उतरत नाही, हे मी जाणते, मीही इथलीच आहे. तेव्हा खोबरे त्याच सकाळी फोडलेल्या नारळाचे घ्या, प्रमाण निम्मे करा, आणि भाजी उतरण्याच्या चार-पाच मिनिटे आधी घालून ते कोरडे दिसू लागेपर्यंत परता. मे महिन्यात आणि पहिल्या पावसाच्या उकाड्यात मी तेही टाळते आणि भाजून चुरलेले सुके खोबरे वापरते. खवणी रोज धुऊन वाळवा, कारण तिच्या दात्यांत अडकलेला कालचा चव आजच्या नारळात मिसळतो. वरून घालायची कच्ची कोथिंबीरही याच न्यायाने कढईत जाऊ दे. एखादे आमसूल घातले तर आंबटपणामुळे थोडी मदत होते, पण ते भाजीला वाचवेल अशा भरवशावर बाकीचे सैल सोडू नका.

इथे एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. शिजवलेले अन्न दोन तासांहून अधिक काळ बाहेर ठेवू नये, असे अन्नसुरक्षेचे सर्वसाधारण सांगणे आहे, आणि आपला डबा साडेसहा तास बाहेर असतो. कोरडी, नीट परतलेली, गार करून भरलेली भाजी हा धोका कमी करते, तो शून्य करत नाही. म्हणून नारळाच्या वाटणाची उसळ, नारळाच्या रसातली सोलकढी किंवा माशाचे कालवण साध्या डब्यात देऊ नका, आणि रात्रीचा उरलेला भातही नको, कारण भातातल्या काही जंतूंचे विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. भाजीला वास आला, फेस दिसला किंवा उचलताना तार सुटली तर ती टाकायचीच, पण वास आला नाही म्हणजे भाजी चांगली असेलच, असेही नव्हे.

तुमची सकाळ मी अशी मांडली असती. पाचला कणीक मळून झाकायची. सव्वापाचला भाजी फोडणीला टाकायची, पावणेसहापर्यंत ती परातीत पसरलेली असली पाहिजे. पावणेसहा ते सव्वासहा चपात्या करायच्या. तोवर भाजी गार होते आणि चपातीचे गाठोडे कोमट होते, मग आधी भाजी, मग चपाती भरायची. म्हणजे आज तुम्ही बहुधा भाजी शेवटी करत असाल, तर फक्त क्रम उलटा करायचा आहे, वेळ तेवढाच लागेल. डब्याला रबरी रिंग असेल तर ती रोज काढून धुवा, आणि पावसाळ्यात जेव्हा काहीच वाळत नाही तेव्हा डबा चुलीजवळ ठेवून किंवा कोरड्या फडक्याने पुसून, आणि चपातीचे कापड इस्त्री फिरवून कोरडे करा. दमट कापडाचा कुबट वास चपातीला लागतो आणि आपण उगाच पिठाला दोष देतो.

राहिली तांदळाची भाकरी. गव्हात चिवटपणा असतो, तांदळाच्या पिठात तो नसतो, आणि शिजलेला तांदूळ गार झाला की आपोआप ताठर होतो. उकड काढून, चांगली मळून, तूप लावून केलेली भाकरी कापडात तीन तास बरी राहते, पण साडेसहा तासांनी ती दुमडताना मोडेल. तिथे तवा किंवा गरम करण्याची सोय असेल तर पाण्याचा हात लावून ती पुन्हा मऊ करता येते, आणि तेव्हा जरूर द्या. तशी सोय नसेल आणि तांदळाचेच काही हवे असेल, तर आंबोळी द्या. तिच्या पिठातल्या उडदामुळे ती दुपारपर्यंत मऊ राहते. मात्र प्रत्येक आंबोळी जाळीवर पूर्ण गार करून मगच एकमेकींवर ठेवा, नाहीतर सगळ्या चिकटून त्यांचा एकच गोळा होतो.